उणे 24 डीबीएम: इमारतीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जमाखर्च

इमारतीच्या तळघरात फायबरची पेटी उघडलेली आहे. तंत्रज्ञ पिवळी वायर मीटरला लावतो आणि मीटर दाखवतो `-24.3 dBm`. मागे उभे असलेले सोसायटीचे सचिव विचारतात, "उणे म्हणजे काही कमी पडतंय का?" तंत्रज्ञ म्हणतो, "नाही हो काका, उणे सत्तावीसपर्यंत चालतं. ठीक आहे." वायर परत यंत्रात बसते, हिरवा दिवा लागतो, पेटी बंद.

काकांची शंका चुकीच्या कारणासाठी होती, पण शंका बरोबर होती. तंत्रज्ञाचं उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. त्या पेटीपाशी किती प्रकाश यायला हवा होता हे आधी मोजून ठेवलं असेल, तरच 24.3 चांगलं की वाईट ते ठरतं. त्या मोजणीला ऑप्टिकल पॉवर बजेट म्हणतात. मी त्याला प्रकाशाचा जमाखर्च म्हणतो. घरखर्चाला लागते त्यापेक्षा अवघड बेरीज-वजाबाकी त्यात नाही.

## उणे चिन्हाचं कोडं

खोलीत दिवा आहे आणि त्याच्यापुढे तुम्ही एक काळसर काच धरली. ती निम्मा प्रकाश अडवते. दुसरी तशीच काच लावली की उरलेल्याचा निम्मा, म्हणजे मूळच्या पाव प्रकाश राहतो. तिसरीनंतर एक अष्टमांश. प्रत्येक काच ठरावीक प्रकाश खात नाही, समोर आलेल्याचा ठरावीक हिस्सा खाते. फायबर, जोड, सांधे सगळे असेच वागतात. त्यामुळे सरळ हिशोब करायचा तर गुणाकार-भागाकारांची माळ लागते.

ती टाळण्यासाठी डेसिबल, म्हणजे डीबी, हे माप आहे. एक "निम्मा करणारी काच" म्हणजे 3 डीबीचं नुकसान. दहावा हिस्साच उरला तर 10 डीबी. गंमत अशी की या मापात गुणाकाराची बेरीज होते. तीन काचा म्हणजे 9 डीबी, विषय संपला.

डीबी हे प्रमाण झालं. प्रत्यक्ष प्रकाश किती, हे सांगायला डीबीएम. 1 मिलिवॅट म्हणजे 0 डीबीएम. त्याहून जास्त ते अधिक, कमी ते उणे. म्हणजे उणे 10 डीबीएम हा एक दशांश मिलिवॅट आणि उणे 27 डीबीएम म्हणजे साधारण 2 मायक्रोवॅट, मिलिवॅटचा पाचशेवा भाग. उणे चिन्हाचा अर्थ "एक मिलिवॅटपेक्षा कमी" एवढाच, "काहीतरी कमी पडतंय" असा नाही. काकांचं समाधान इथपर्यंत व्हायला हरकत नाही.

## जमा किती, गरज किती

पेटीपर्यंत येणारी वाट समजून घेऊ. एक्स्चेंजमध्ये एक यंत्र असतं, ओएलटी. त्याच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश एका फायबरवरून येतो, रस्त्यावरच्या कपाटात स्प्लिटर नावाच्या काचेच्या फाट्यात वाटला जातो आणि वेगवेगळ्या इमारतींकडे जातो. इमारतीच्या तळघरातलं यंत्र म्हणजे ओएनयू. फायबर तिथे संपतं. तिथून वर घराघरांत साधी नेटवर्क केबल जाते. आपला जमाखर्च ओएलटी ते ओएनयू एवढाच.

जीपॉन या जुन्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत यंत्रांचे वर्ग ठरलेले आहेत. सगळ्यांत ओळखीचा वर्ग बी प्लस. त्यात ओएलटीने कमीत कमी +1.5 आणि जास्तीत जास्त +5 डीबीएम प्रकाश सोडायचा असतो, आणि ओएनयूला उणे 27 डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता आला पाहिजे. +1.5 पासून उणे 27 पर्यंतचं अंतर 28.5 डीबी. लांबून येताना प्रकाशाची स्पंदनं थोडी विस्कटतात, त्यासाठी अर्धा डीबी बाजूला काढतात. उरले 28 डीबी. वाटेतली फायबर, फाटे, जोड, सांधे या सगळ्यांनी मिळून खर्च करायचा तो यातूनच.

परतीच्या प्रवासाचं गणितही तितकंच भरतं. ओएनयू कमीत कमी +0.5 सोडतो आणि ओएलटी उणे 28 पर्यंत वाचतो. फरक रंगाचा, म्हणजे तरंगलांबीचा आहे. येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा, जाणारा 1310 चा. दोन्ही एकाच तंतूतून, एकमेकांना न अडवता. फायबरला 1310 जरा महाग पडतो, म्हणून खर्च मांडताना तीच दिशा धरायची. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्यानेच चोर पकडून दिला.

## खर्चाची वही

वर सांगितलेल्या पेटीचीच वाट घेऊ. एक्स्चेंजपासून कपाट 6 किलोमीटर, कपाटापासून इमारत 2 किलोमीटर. कपाटात 1 ला 32 असा स्प्लिटर.

सगळ्यांत मोठा खर्च स्प्लिटरचा. एका लोट्यातलं पाणी बत्तीस पेल्यांत ओतलं तर प्रत्येकात बत्तिसावा हिस्सा येणार, त्याचेच 15 डीबी होतात. शिवाय थोडी सांडलवंड. म्हणून 17 धरतात.

फायबर 8 किलोमीटर, 1310 ला किलोमीटरमागे 0.35 डीबी, म्हणजे 2.8.

जोड, म्हणजे कनेक्टर, हाताने लावता-काढता येणारे. एक्स्चेंजच्या वितरण चौकटीत एक, कपाटात स्प्लिटरच्या आत येताना एक आणि बाहेर पडताना एक, इमारतीच्या पेटीत एक. चार जोड, प्रत्येकी अर्धा डीबी, म्हणजे 2. इथे बरेच जण यंत्रांच्या तोंडाशी असलेले दोन जोडही मोजतात. त्याची गरज नाही. यंत्राची +1.5 आणि उणे 27 ही मापं पोर्टच्या जोडाबाहेर, वायरच्या बाजूला धरलेली असतात. त्या जोडांचं नुकसान यंत्रवाल्याच्या खात्यात गेलेलं असतं.

सांधे, म्हणजे स्प्लाइस, कायमचे. दोन तंतूंची टोकं विजेच्या ठिणगीने वितळवून एक केलेली. केबल 2 किलोमीटरच्या ड्रमवर आली असेल, तर 6 किलोमीटरात दोन सांधे. इमारतीच्या दाराशी बाहेरची केबल संपून आतली सुरू होते, तिथे एक. शिवाय चारही जोडांशी एकेक, कारण जोड कारखान्यात एका छोट्या तुकड्यावर बसवून येतो, त्याला पिगटेल म्हणतात, आणि तो तुकडा केबलला सांधावा लागतो. हे चार सांधे वहीत विसरले जातात. एकूण सात, प्रत्येकी 0.1.

```
स्प्लिटर 1:32            17.0
फायबर 8 x 0.35            2.8
जोड   4 x 0.5             2.0
सांधे  7 x 0.1             0.7
                        ------
एकूण खर्च               22.5 dB
जमा                     28.0 dB
शिल्लक                   5.5 dB
```

शिल्लक साडेपाच म्हणजे चैन नव्हे. यातले 3 डीबी पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवायचे. लेझर म्हातारा होतो. रस्ता खोदताना केबल तुटते, तुटलेल्या जागी नवा तुकडा घालावा लागतो आणि दर वेळी दोन सांधे वाढतात. राखीव वजा केल्यावर हातात अडीच डीबी उरतात.

## "आठ किलोमीटर आहे, म्हणून प्रकाश कमी येत असेल"

हे वाक्य मी सगळ्यांत जास्त ऐकलंय. वही पुन्हा बघा. आठ किलोमीटर फायबर 2.8 डीबी खातं. एक नीट न पुसलेला जोड एकटाच तेवढं खाऊ शकतो. म्हणजे बोटाच्या पेराएवढी वस्तू आठ किलोमीटरच्या तोडीची.

याचं कारण आकारात आहे. फायबरमध्ये प्रकाश वाहतो तो भाग सुमारे 9 मायक्रॉन रुंद असतो. माणसाचा केस याच्या सात-आठ पट जाड. जोडात दोन तंतूंचे हे सूक्ष्म गाभे समोरासमोर यावे लागतात. ते 1 मायक्रॉनने सरकले तर साधारण 0.2 डीबी जातात आणि 2 मायक्रॉनने सरकले तर 0.8. दुप्पट ढळ, चौपट नुकसान. चांगले जोड महाग का असतात, ते इथे कळतं.

समोरासमोर येऊनही भागत नाही, काच काचेला टेकली पाहिजे. मध्ये हवेची फट राहिली तर काच-हवा आणि हवा-काच अशा दोन्ही सीमांवर जवळपास 4 टक्के प्रकाश परत फिरतो. नुकसान सुमारे 0.3 डीबी, पण परतलेला प्रकाश मागच्या लेझरला त्रास देतो तो वेगळाच. धुळीचा एक कण गाभ्यावर बसला की तो प्रकाश तर अडवतोच, शिवाय पाचरीसारखा मध्ये राहून दोन टोकांना टेकूही देत नाही. आणि तसाच दाबून लावला तर काचेवर खड्डा पाडतो. मग पुसूनही उपयोग नाही.

हिरव्या आणि निळ्या जोडांची गोष्ट याच जातीची. हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात घातला तर खटकन बसतो, दिवाही लागू शकतो, पण आत दोन तोंडं एकमेकांना टेकत नाहीत आणि काही डीबी हवेत जातात. रंग जुळवून बघणं ही तपासणीची पहिली पायरी, आणि त्याला मीटरही लागत नाही.

## सांध्यावर विश्वास ठेवायचा का?

सांध्याबद्दल लोकांना उगाच भीती असते. चांगल्या यंत्राने केलेला सांधा 0.05 डीबीच्या आसपास पडतो, जोडाच्या मानाने नगण्य. पण सांधायचं यंत्र पडद्यावर जो आकडा दाखवतं तो मोजलेला नसतो. कॅमेऱ्याने दोन तंतू किती सरळ दिसले, त्यावरून काढलेला तो अंदाज असतो. खरं मोजायचं तर ओटीडीआर हवा. हे उपकरण फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका मारतं आणि वाटेतून विखरून परत येणारा मंद उजेड वेळेनुसार टिपतं. विहिरीत दगड टाकून आवाजावरून खोली ओळखावी तसं.

या ओटीडीआरवर एक चमत्कार दिसतो. कधीकधी सांध्यापाशी आलेख खाली उतरण्याऐवजी वर चढतो, जणू सांध्याने प्रकाश वाढवला! तसं काही होत नाही. दोन बाजूंचे तंतू किंचित वेगळे असतील, तर पलीकडचा तंतू जास्त प्रकाश मागे विखुरतो आणि उपकरण फसतं. दुसऱ्या टोकाकडून तोच सांधा मोजला की तिथे भलतंच मोठं नुकसान दिसतं. दोन्हींची सरासरी हे खरं नुकसान. एका बाजूने +0.15 वाढ आणि दुसरीकडून 0.25 घट दिसली, तर सांधा 0.05 चा, अगदी चांगला. एकाच बाजूने मोजून चांगला सांधा तोडून पुन्हा करणारे लोक मी पाहिलेत. एकदा त्यांत मीही होतो.

## मग 24.3 मध्ये बिघडलं काय?

आता पेटीकडे परत. ओएलटीच्या पोर्टवर प्रत्यक्ष +3 डीबीएम होते. येणारा प्रकाश 1490 चा, त्याला फायबर स्वस्त पडतं. वहीतले सगळे कमाल खर्च धरून बेरीज 21.6. म्हणजे पेटीत उणे 18.6 यायला हवे. आणि जोड, सांधे, स्प्लिटर नेहमीसारखे चांगले निघाले, तर खर्च 19.6, पेटीत उणे 16.6. आकडा या दोहोंच्या मध्ये पडला पाहिजे. मीटर दाखवत होता उणे 24.3. अगदी उदारपणे धरलं तरी पावणेसहा डीबी गायब. पेटीपर्यंत यायला हवा होता त्याच्या पाव हिस्साच प्रकाश पोचत होता, आणि दिवा हिरवाच.

पहिला प्रश्न: शेजारच्या इमारतींचं काय? एकाच स्प्लिटरवरच्या सगळ्यांचे आकडे खाली असते, तर दोष स्प्लिटरच्या अलीकडे, एक्स्चेंजच्या बाजूला शोधला असता. पण बाकीच्यांचे उणे 17-18 होते. म्हणजे दोष कपाटातून बाहेर पडणारा जोड ते पेटी एवढ्या टप्प्यात.

पेटीतला जोड काढून छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मधोमध तेलकट डाग, वर बांधकामाची पांढरी पूड. जोड पुसायच्या पेनने टोक साफ केलं, अडॅप्टरच्या आतलं समोरचं टोकही, कारण एकच बाजू पुसली की दुसरीची घाण लगेच परत चिकटते. पुन्हा पाहिलं, मगच लावलं. मीटर: उणे 20.8. साडेतीन डीबी परत आले.

बहुतेक जण इथे थांबतात. पण वही म्हणते अजून किमान दोन डीबी येणं आहे. आता परतीच्या दिशेचा उपयोग झाला. येताना नुकसान 23.8 डीबी होत होतं. ओएनयू +2.2 सोडत होता आणि ओएलटीला उणे 19.9 मिळत होते, म्हणजे जाताना नुकसान 22.1. पण 1310 ला फायबर महाग पडतं, तेव्हा जाताना साधारण 1 डीबी जास्त जायला हवा. इथे उलट 1.7 कमी जात होते. घाणीला तरंगलांबीशी फारसं देणंघेणं नसतं. वाकलेल्या फायबरला असतं. तंतू जास्त मुडपला की लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी बाहेर सांडतो. यंत्रांच्या पडद्यावरचे आकडे एक-दोन डीबीने चुकू शकतात, म्हणून हा पुरावा नव्हे. पण शेजारच्या इमारतींत हिशोब नेहमीसारखा होता, त्यामुळे संशय पक्का झाला.

लाल प्रकाशाची पेन पेटीतल्या जोडाला लावली आणि सांध्यांचा ट्रे उघडला. एका कोपऱ्यात पिगटेलचा फेरा झाकणाच्या खाचेत अडकून इतका आवळला गेला होता की तिथून लाल उजेड बाहेर पाझरत होता. साध्या जी.652 फायबरला किमान 30 मिलिमीटर त्रिज्येचं वळण हवं. हे वळण करंगळीभोवती गुंडाळल्यासारखं होतं. फेरा सोडवून ट्रेच्या कडेने मोकळा बसवला. मीटर: उणे 17.4. हिशोबाच्या दोन आकड्यांच्या मधोमध.

परतीचा प्रकाश साध्या पॉवर मीटरने मोजायला जाऊ नका. ओएनयू आपली पाळी आली की क्षणभर बोलतो आणि गप्प बसतो. साधा मीटर मधल्या शांततेचीही सरासरी धरतो. त्यासाठी पॉन मीटर वेगळा मिळतो. आणि इतर इमारती चालू असताना 1310 चा ओटीडीआरही लावू नका, सगळ्यांचाच परतीचा प्रवास बंद पडेल. त्या कामासाठी 1625 किंवा 1650 नॅनोमीटरचे ठोके वापरतात.

## "पण चालत तर होतं ना?"

होतं. आणि इंटरनेटचा वेगही उणे 24 ला आणि उणे 17 ला सारखाच मिळाला असता. अक्षर वाचता येतं तोवर शाई गडद की फिकी याने मजकूर बदलत नाही, तसंच हे. पुरेशा प्रकाशात ओएनयू प्रत्येक बिट नीट वाचतो. उणे 27 च्या जवळ मात्र चुका झपाट्याने वाढतात, यंत्र सारखं तुटून जोडलं जातं आणि रहिवासी म्हणतात, "रोज संध्याकाळी नेट जातं." 24.3 वर त्या इमारतीच्या हातात 2.7 डीबी होते. पुढच्या वर्षांसाठी राखलेले तीनही पुरे उरले नव्हते, बाकीचे सगळे धूळ आणि मुडपलेल्या फेऱ्याने पहिल्याच दिवशी खाल्ले होते. नंतर केबल तुटून दोन सांधे वाढले असते, तर दोष शेवटच्या सांधेवाल्यावर आला असता.

## "मग लेझरच मोठा लावा की"

हा उपाय सुचतोच. सी प्लस वर्गाची यंत्रं 32 डीबीचा खर्च पेलतात आणि लांबच्या वाटांसाठी ती योग्यच आहेत. पण डाग आणि मुडप झाकायला मोठा लेझर लावणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीखाली मोठा नळ सोडणं. शिवाय जास्त प्रकाशही चालत नाही. बी प्लसचा ओएनयू उणे 8 डीबीएमपर्यंतच सहन करतो. ओएलटी +5 वर असेल, तर वाटेत किमान 13 डीबी खर्च झालाच पाहिजे.

एक्स्चेंजला लागून असलेली एक इमारत घ्या. 1 ला 4 स्प्लिटर, 7.2 डीबी. फायबर नगण्य, जोड-सांधे मिळून दोन. खर्च सव्वानऊच्या आसपास, पेटीत येणार उणे 4. ओएनयूचे डोळे दिपतात आणि तो चुका करतो. दुबळ्या प्रकाशात करतो तशाच, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. उपाय विचित्र वाटेल, पण तिथे मुद्दाम प्रकाश खाणारा जोड, अ‍ॅटेन्युएटर, घालतात. 10 डीबीचा लावला की आकडा उणे 14 वर येतो आणि गाडी रुळावर.

त्या तळघरातल्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने आता एक चिकटपट्टी आहे: तारीख, हिशोबाचा आकडा उणे 16.6 ते 18.6, मोजलेला उणे 17.4. पुढचा तंत्रज्ञ येईल तेव्हा मीटरवर उणे 21 दिसलं, तर "चालतं" म्हणण्याआधी त्याला ते साडेतीन डीबी कुठे गेले ते शोधावं लागेल.